वाळूच्या बादलीतली केळ

जालन्यात स्टेशनजवळ एका छोट्या हॉटेलात मी चहा द्यायला होतो तवा. मॅट्रिक झाल्तो अन् नकला करायची खोड. दसऱ्याला शेठच्या गल्ल्यावर बसून शेठच झालो होतो, अन् शेठ मागंच उभे!

"पुन्हा नक्कल केली तर सीधा घरी."

घरी म्हणजे धावड्याला, बापाच्या मागं कापूस वेचायला.

दिवाळीला शेठनं हौसेनं हॉटेल सजवलं. कागदी पताका पार भट्टीच्या दारापर्यंत. मधल्या वाटेत दोन बाकडी जादा. दाराला केळीचे खुंट. ते उभे राहीनात म्हणून भट्टीजवळच्या, आग विझवायला वाळू भरून ठेवलेल्या लाल बादल्या पुढं आणून वाळूत रोवले. झ्याक दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

पण नगरपालिकेचा आगीचं बघणारा साहेब यायचा होता. त्याला पटलं न्हाई तर ऐन दिवाळीत हॉटेल बंद.

"शेठ, ती वाट..."

"तू तोंड उघडू नको."

मंग न्हाई उघडलं. कांद्याचं गठुडं डोक्यावर घेतलं, बाजारातून आलेला शेतकरी झालो, अन् भट्टीकडून डुलत निघालो. गिऱ्हाइकं हसू लागली. बाकड्यापाशी अडलो, वळलो, अन् गठुड्यात पताका अडकल्या. सुतळी तुटली. एक टोक भट्टीवर पडलं अन् भुर्रकन पेटलं.

"वाळू!" आचारी ओरडला.

शेठ धावले, बादली ओढली, तर केळ आडवी होऊन दारात अडकली. शेठ एकीकडं, केळ एकीकडं. तोवर आचाऱ्यानं पेटता कागद कपबशा धुवायच्या टपात बुडवला.

कुणी हसलं न्हाई. मी खांद्यावरचं फडकं काढून ठेवलं.

"कुठं निघाला?"

"धावड्याला, शेठ."

"जाशील. आधी पताका उतरव. बाकडी बाहेर काढ. अन् गठुडं घे डोक्यावर, सगळीकडून चाल. अडलं का सांग."

मी चाललो. शेतकरी झालो, काखेत लेकरू घेतलेली बाई झालो, उकळती किटली घेतलेला मीच झालो. जिथं अडलो ते शेठनं स्वतः हटवलं. शेवटी भट्टीपासून लांब, पुढच्या भिंतीला झेंडूच्या माळा राह्यल्या. केळी बाहेर खांबांना सुतळीनं बांधल्या. बादल्या जागेवर गेल्या.

साहेब आला, मागच्या दारातून ये-जा करून बघितली, बादलीत बोट घातलं, म्हणाला, "बराबर हाय." चहा पिऊन गेला.

शेठ गल्ल्यावरून उठले. "बस इथं. कर माझी नक्कल."

मी गल्ल्यावर बसलो. अन् केली, केळीसकट. शेठ हसून हसून खोकले.

त्यांनी मला हाकललं असतं तरी कुणी त्यांना बोललं नसतं. आपलीच हौस आपल्याच हातानं, समद्यांपुढं उतरवणारा मालक मला पुन्हा न्हाई भेटला. पुढल्या दिवाळीला पताका आणायच्या आधी त्यांनी आवाज दिला, "अरे, गठुडं काढ!"