टेंभुर्णीच्या ओळी

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे प्लँटमध्ये मी कॉम्प्युटरवर बसतो. प्लँटमधल्या बाकी सगळ्यांचे हात बियाण्यात असतात, माझे तेवढे कीबोर्डवर. त्यामुळे मला काचेची वेगळी केबिन आहे. नवीन माणसाला तो मान वाटतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली डबे उघडून बसतात आणि मी काचेतून त्यांना हसताना बघतो. कुणी मला बोलवत नाही असं नाही. पहिल्या वर्षी बोलवायचे. मी दोनतीनदा ‘काम आहे’ म्हणालो, मग त्यांनी ते खरं धरलं.

आमची कंपनी शेतकऱ्यांकडून भेंडीचं बियाणं पिकवून घेते. माल आला की प्रत्येकाच्या लॉटची लॅबमध्ये उगवण चाचणी होते आणि निकाल शीटमध्ये चढतो. पास-नापासचा मेसेज शेतकऱ्याला पाठवायचं काम शीटला जोडलेला एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, करते. ती मीच लिहिलेली. नापास झालेल्याला फेरचाचणी मागता येते, पण निकालापासून सात दिवसांत त्यानं स्वतः यायचं, सही करायची आणि ठेवलेला सीलबंद नमुना त्याच्यासमोर उघडायचा. सात दिवस गेले की लॉट बाद, आणि बाद लॉटवाल्याला पुढच्या वर्षी बियाणं पिकवायला प्लॉट मिळत नाही.

स्क्रिप्ट लिहिली तेव्हा शीटमध्ये दीडशे ओळी होत्या. या वर्षी सहाशेच्या घरात गेल्या. सोमवारी निकाल लागले, मी बटण दाबलं आणि चहाला गेलो. परत आलो तर लाल पट्टी: ‘एक्सीडेड मॅक्झिमम एक्झिक्युशन टाइम’. सहा मिनिटांच्या वर एका दमात स्क्रिप्ट चालू द्यायची नाही, असा त्या शीटवाल्यांचा नियम. मला तो माहीत नव्हता असं नाही, आमच्यावर कधी वेळ आली नव्हती एवढंच. मी चिडून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा लाल पट्टी. मंगळवारी परत तेच केलं. नेट स्लो असेल, असं स्वतःला सांगितलं. आळशी माणसाला नेट फार उपयोगी पडतं.

गुरुवारी शहागडहून एका शेतकऱ्याचा फोन आला. “साहेब, तोच मेसेज तीन डाव आला. एका लॉटसाठी किती बार नापास करून राह्यले मला?”

तेव्हा कुठं मी शीट नीट उघडून बघितली. माझी स्क्रिप्ट दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरू होत होती. मेसेज गेला की ती पुढच्या रकान्यात तारीख टाकायची, पण सुरू होताना तो रकाना बघायची नाही. वरच्या साडेतीनशे लोकांना तीनतीन मेसेज, आणि खालच्यांना एकही नाही. आमच्याकडं याद्या टेम्पोच्या फेरीप्रमाणे लावायची पद्धत आहे. आधी शहागडकडची फेरी, मग जवळची गावं, सगळ्यात शेवटी जाफराबादकडची, आणि तिच्यात शेवटचं गाव टेंभुर्णी. त्या ओळींपुढचा रकाना कोराच होता.

टेंभुर्णी माझं गाव. आणि त्या कोऱ्या ओळींत एक नापास लॉट माझ्या थोरल्या भावाचा होता.

दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आईच्या दहाव्याला मी पोचलो तेव्हा पिंडदान उरकलं होतं. सीझन होता, सुट्टी मिळाली नव्हती. दादा चारचौघांत म्हणाला, “तुला टाइम कुठाय?” मी तसाच माघारी फिरलो. त्यानंतर त्यानं फोन केला नाही, मीही केला नाही.

लॅबच्या मॅडम शीट बघायला आल्या होत्या. त्यांनी आडनाव वाचलं, गाव वाचलं, आणि म्हणाल्या, “अहो, भाऊच ना तुमचा? एक फोन लावा की. अजून चार दिवस आहेत.”

“बाकीच्या दोनशे जणांना कोण लावणार? सगळ्यांना बरोबरच जाऊ दे,” मी म्हणालो.

फार नियमाचा माणूस दिसलो असेन मी. खरं तर मला फोन लावायची भीती वाटत होती. तो उचलणार नाही ही भीती, आणि उचलला तर काय बोलायचं ही त्याहून मोठी.

म्हणून मी फोनऐवजी स्क्रिप्टला हात घातला. जुनी स्क्रिप्ट एकेक घर वाचायची, एकेक घर लिहायची. आता सगळी शीट एकदाच वाचून घ्यायची असं केलं. तारखेचा रकाना रिकामा असेल तीच ओळ घ्यायची, एका खेपेला फक्त शंभर. मेसेजला सेकंदभर लागतो, म्हणजे शंभराला दोनेक मिनिटं, सहाच्या बरीच आत. शंभर झाल्या की तारखा एकदम लिहायच्या आणि थांबायचं. दर पाच मिनिटांनी स्क्रिप्टला आपोआप उठवणारा एक ट्रिगर लावला. रिकामी ओळ उरली नाही की तिनं तो स्वतःच काढून टाकायचा.

शुक्रवारी चाचणीसाठी शीटची नक्कल केली आणि सगळ्या नंबरांच्या जागी माझा नंबर घातला. मग फोन वाजायला लागला. शंभर मेसेज, थोडी शांतता, पुन्हा शंभर. ‘आपल्या लॉटची उगवण चाचणी…’ एरवी माझ्या फोनवर रिचार्ज संपल्याचा मेसेज येतो तेवढाच. मी तो हातात घेऊन बसलो होतो. वाजायचा थांबला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, आणि या वाईट वाटण्याची लाजही वाटली.

शनिवारी दुपारी खऱ्या शीटवर बटण दाबलं. पहिल्या शंभरात दादा नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. तिसऱ्या खेपेला उरलेल्या ओळी भरल्या आणि त्याच्यापुढं तारीख पडली. ट्रिगर गेला. लाल पट्टी आली नाही. सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

सोमवारी, सातव्या दिवशी, तो आला. पोतं गुंडाळून बांधलेली मोटरसायकल गेटबाहेर लावली. केस पांढरे झाले होते. लॅबमध्ये सही केली, नमुन्याचं सील त्याच्यासमोर तोडलं. मी कागद द्यायचं निमित्त काढून गेलो.

“मेसेज आल्ता,” तो कागदाकडं बघत म्हणाला. “तू धाडला का?”

दोन दिवस मी दुसरं काही केलं नव्हतं. हो म्हणायला काय लागत होतं?

“न्हाई. आपोआप जातो. सगळ्यांनाच जातो.”

“मंग बराबर,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू धाडला.” त्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि निघाला. चहा घे म्हणायचं मला तो गेटपाशी पोचल्यावर सुचलं.

भेंडीच्या चाचणीला तीन आठवडे लागतात. फेरचाचणीच्या वेगळ्या यादीला मी तोच ट्रिगर कायमचा लावून ठेवला होता. त्या सकाळी मॅडमनी दारातूनच सांगितलं, “तुमच्या भावाचा लॉट पास झाला बरं का. आत्ताच शीटमध्ये टाकलं.” मी फोन काढला. त्याचा नंबर शोधला. पहिलं वाक्य काय बोलायचं ते दोनदा मनात म्हणून बघितलं, मग घसा साफ केला. नंबर दाबायच्या आधी सवयीनं शीटकडं नजर गेली. त्याच्या ओळीपुढं आजची तारीख पडली होती. स्क्रिप्टनं त्याला कळवूनही टाकलं होतं.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला.