‘ए’ खाली तीन नावं

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीच्या वाटेवर आमचं वाचनालय होतं. खाली पिठाची गिरणी, वर आम्ही. दुपारी गिरणी चालू झाली की टेबलावरचा शाईचा स्टँप हळूहळू कडेला सरकत जायचा आणि पडायच्या आत मी तो पकडायचे. त्या वर्षी मी ग्रंथालयशास्त्राचा कोर्स संपवला होता. तिथे मला नोकरी मिळाली याचं खरं कारण एवढंच, की दुसरं कुणी अर्ज केला नव्हता.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. घरी मराठी बोलायचो, पण वर्णमाला सलग म्हणायची वेळ कधी आली नव्हती. पहिल्या आठवड्यात मी एका पुठ्ठ्यावर ती लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली. ‘ढ’ आधी की ‘ठ’, हे गुपचूप उघडून बघायचे. ग्रंथपाल काकांनी ते दुसऱ्याच दिवशी पाहिलं.

“कॉन्व्हेंट, पुठ्ठा वर लाव. मलापण लागतो अधूनमधून.”

त्यांना लागत नव्हता. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळायचे आणि निवृत्त झाल्यावर इथे आले होते. नट-बोल्ट आणि पुस्तकं यांच्यात त्यांना फारसा फरक वाटत नसे. जिथली वस्तू तिथे. मला मात्र ते ‘कॉन्व्हेंट’ याच नावाने हाक मारायचे, आणि मला ते आवडायचं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला तसं अध्यक्षांनी ठरवलं, की सगळ्या पुस्तकांची लेखकवार यादी छापायची. काका खूश झाले, कारण त्यांच्याकडे एक खजिना होता. कुठल्या टोपणनावामागे कोण आहे, हे त्यांना माहीत असायचं. प्रकाशकांना भेटून, जुनी मासिकं चाळून, लग्नसमारंभात शेजारच्याला विचारून त्यांनी ही माहिती जमवली होती. फुलाच्या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ प्रत्यक्षात विम्याचे एजंट आहेत, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. यादीत प्रत्येक पुस्तक लेखकाच्या खऱ्या नावाखाली टाकायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं.

त्यांच्या कार्डांच्या पेट्या मी उघडल्या तेव्हा गोंधळ कळला. ज्यांची खरी नावं सापडली ती खऱ्या नावाखाली. ज्यांची नाही सापडली ती टोपणनावाखाली, पण आडनाव आधी लिहायच्या सवयीने उलटी केलेली. ‘एक अनुभवी गृहिणी’ नावाने कुणी लोणच्यांवर पुस्तक लिहिलं होतं. त्याचं कार्ड ‘ग’मध्ये होतं: ‘गृहिणी, एक अनुभवी’. ज्या पुस्तकांवर नावच नाही, ती सगळी ‘अज्ञात’ म्हणून ‘अ’मध्ये. आरत्या, व्रतकथा, घरगुती औषधं, सगळ्यांचा लेखक एकच, अज्ञात.

“काका, आरत्यांचं पुस्तक हवं असलेला माणूस अज्ञात कशाला शोधेल?”

“मग?”

“नाव नाही तर शीर्षकाखाली. आरत्या ‘आ’मध्ये.”

“बरं. तेवढं घे करून.”

तेवढं झालं. बाकीच्याला ते हात लावू देईनात.

अशात एका शनिवारी संध्याकाळी आमच्या एक सभासद बाई आल्या. त्या जवळच्या सिंधी वसाहतीत, कॅम्प तीनमध्ये, मराठी शाळेत शिकवायच्या आणि बेलवलीत राहायच्या. शेअर रिक्षातून उतरून, पदराने मान पुसत, आधी सासूबाईंसाठी पुस्तक निवडायच्या आणि मग स्वतःसाठी. त्या दिवशी त्यांनी काही निवडलं नाही. काका खाली चहाला गेल्याची खात्री करून त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“यादी छापताय म्हणे.”

“हो.”

“त्यात खरी नावं घालणार?”

मी मान हलवली. त्या कपाटाकडे गेल्या आणि एक पातळसं पुस्तक घेऊन आल्या. लेखिकेचं नाव होतं ‘एक सासुरवाशीण’. आमच्याकडे त्याला खूप मागणी होती. एका सुनेची पहिली दहा वर्षं: उष्टी खरकटी, मोजून मिळणारं तेल, शेवयांची परात सांडली म्हणून दिवसभर धरलेला अबोला. लिहिणारीने सासूला सोडलं नव्हतं.

“हे माझं,” बाई म्हणाल्या. “काकांना माहीत आहे. प्रत भेट दिली तेव्हा मीच सांगून बसले. मूर्खासारखी.”

मग पुढे म्हणाल्या, “आणि कोण वाचतं माहीत आहे का? आमच्या सासूबाई. तिसऱ्यांदा नेलंय त्यांच्यासाठी. म्हणतात, हिच्या सासूला चांगली झोडपायला हवी होती.”

त्या हसल्या, मग हसणं थांबलं.

“तेव्हा खूप राग होता गं. आता नाही. आता रात्री त्यांचे पाय मीच चेपते, आणि त्या माझ्यासाठी दुपारची साय काढून ठेवतात. या वयात त्यांनी स्वतःला छापलेलं बघायला नको.”

मी काकांना सांगितलं. ते गोंधळले.

“अगं, मला वाटलं तिला आनंद होईल! आपल्या बेलवलीची लेखिका. अध्यक्ष तर गावातल्या लेखकांपुढे चांदणी छापणार आहेत.” थोडा विचार करून म्हणाले, “ठीक आहे. हिचं तेवढं नाव नाही घालायचं. बाकीच्यांची घालू.”

मला ते पटलं आणि घरी जाईपर्यंत पटेनासं झालं. सगळ्या टोपणनावांमागची माणसं उघडी पडली आणि एकच झाकलेली राहिली, तर लोक तिथेच बोट ठेवणार. आमच्या गावात तर नक्कीच. ‘काकांना हिचंच कसं माहीत नाही?’ असं कुणीतरी म्हणणार, आणि काकांना खोटं बोलता येत नव्हतं. ते नुसते लाल व्हायचे.

रविवारी समितीची बैठक होती. मी तिथे फक्त चहाचे कप पुढे करत असे. माझं मराठी लोकांसमोर अडखळायचं आणि मधेच इंग्रजी शब्द यायचा, म्हणून मी बोलायचं टाळत असे. अध्यक्षांनी चांदणीचा विषय काढला. काका माझ्याकडे बघत राहिले. मी कप खाली ठेवला.

“सर, एकच रूल हवा. म्हणजे नियम.”

“कसला?”

“पुस्तकाच्या शीर्षकपानावर जे नाव आहे, त्याच नावाखाली नोंद. सगळ्यांची. नाव-आडनाव असेल तर आडनाव आधी. एकच शब्द असेल तर तोच. आणि ‘एक अमुक’ असं असेल तर उलटं करायचं नाही, जसं आहे तसं, ‘ए’मध्ये.”

“आणि खरं नाव?”

“लेखकाने स्वतः कुठे छापून सांगितलं असेल, तर खऱ्या नावापाशी एक ओळ: ‘अमुक पाहा’. म्हणजे शोधणारा बरोबर पोचेल. त्याने सांगितलं नसेल, तर आपण पण नाही सांगायचं.”

“पण काकांना तर सगळं माहीत आहे!” अध्यक्ष म्हणाले. “एवढी मेहनत फुकट घालवायची? आणि चांदण्या?”

“चांदणी पण खऱ्या नावाने छापलेल्यांनाच.”

“मग चांदण्या उरतात किती? पोरी, आम्हाला गावाची शान वाढवायची आहे, तू कमी करायला निघालीस.”

सगळे हसले. माझे कान तापले. पुढचं वाक्य मला इंग्रजीतच सुचत होतं. तेवढ्यात काका खाकरले.

“तिचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “स्टोअरमध्ये डब्यावर जे लेबल, त्याच फळीवर डबा. आत काय आहे ते स्टोअरकीपरला ठाऊक असलं म्हणून तो फळी बदलत नाही.”

“काका, तुम्हीच ही सगळी नावं शोधलीत ना?”

“शोधली. मजा आली शोधताना.” ते एवढंच बोलले आणि बशीत चहा ओतून पिऊ लागले. अध्यक्षांनी हात झटकले आणि विषय संपला.

पुढचे कितीतरी दिवस काका जुनी कार्डं काढत आणि नवी लिहीत बसले. मी लिहिते म्हटलं तर म्हणाले, “तुझं ‘ळ’ बघवत नाही.” एखादं खरं नाव बाजूला ठेवताना ते मला त्याची गोष्ट सांगायचे, म्हणजे विमा एजंट, सासऱ्याला घाबरणारा नाटककार, आणि मग कार्ड खिशात टाकायचे. त्या कार्डांचं त्यांनी पुढे काय केलं, मी विचारलं नाही.

यादी कॅम्प तीनमधल्या एका सिंधी गृहस्थांच्या छापखान्यात छापली. प्रुफं बघायला मी गेले, तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “मॅडम, ये ‘एक, एक, एक’ क्या है? नंबर डाला है तो दो-तीन भी डालो ना.”

मी समजावलं. त्यांनी नियम नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, “मतलब जो बोर्ड पे नाम, वोही दुकान. समझ गया.” त्याहून सोपं मला कधी सांगता आलेलं नाही.

यादी आली त्या संध्याकाळी बाईंनी उभ्या उभ्याच ‘ए’चं पान उघडलं. तिथे तीन ओळी होत्या: एक अनुभवी गृहिणी, एक निवृत्त फौजदार, एक सासुरवाशीण. चांदणी नाही, दुसरं नाव नाही. ‘पाहा’सुद्धा नाही.

“फौजदाराच्या शेजारी बसवलंत होय मला!” त्या म्हणाल्या. “बरं झालं. राखण राहील.”

काका लाल झाले.

यानंतर महिनाभरातली गोष्ट असेल. बाई शाळेत असण्याची दुपारची वेळ होती. जिन्यावर काठीचा आवाज आला आणि एक म्हातारी वर आली, एका हातात काठी, दुसऱ्यात आमची यादी. धाप ओसरेपर्यंत ती खुर्चीत बसली. मी पाणी दिलं. मग तिने नाव सांगितलं तेव्हा कळलं, या बाईंच्या सासूबाई.

“हिचं आणखी काही आहे का?” तिने यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

“या नावाखाली एवढं एकच आहे, आजी.”

“हूं. आणि खरं नाव?”

“ते छापलेलं नाही.”

“तुम्हाला माहीत नाही?”

मी पुठ्ठ्यावरची वर्णमाला बघत राहिले. काका पेटीत डोकं खुपसून बसले होते. आजीचं बोळकं हसलं.

“शहाणी आहेस. ती परात माझी होती गं. पितळेची, काठाला पोचा आलेली. मला माझी परात ओळखू येत नाही होय?”

खाली गिरणी सुरू झाली. स्टँप सरकू लागला, मी तो धरला.

“पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही,” ती म्हणाली. “मग परत वाचलं. खोटं काही नव्हतं त्यात. मी तिच्यासमोर त्या सासूला शिव्या घालते ना, ते ऐकून तिला बरं वाटतं. तिला वाटतं मला कळलं नाही.”

तिने यादीची घडी केली.

“तुम्ही नाव छापलं असतं तर आम्हा दोघींना बोलावं लागलं असतं त्यावर. आता काय बोलायचं? चाललंय ते चांगलं चाललंय.”

काका तिला धरून जिन्यावरून खाली सोडायला निघाले. दारातून ती वळली.

“आणि मी आले होते ते तिला सांगू नका. ते पुस्तक द्या परत. तिला म्हणेन, गिरणीवाल्याच्या पोराकडून मागवलं.”

मी पुस्तक काढलं आणि बाईंच्याच सभासद क्रमांकावर नोंदवलं. त्या नोंदीतही लेखिकेच्या रकान्यात मी शीर्षकपानावरचंच नाव लिहिलं, ‘ळ’ नसलेलं, म्हणून काकांना दाखवण्याजोग्या अक्षरात.