पंचवीस नंबरचं दार

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या शांताअक्काच्या नवऱ्याला, सरळ रस्ता फार प्रिय. सोमशेखर घुगरे हे त्यांचं नाव. साखर कारखान्याच्या संगणक विभागातून वेळेआधी बाहेर पडले, कारण तिथे साहेबाला कळवायची गोष्ट आधी साहेबाच्या साहाय्यकाला सांगावी लागायची. मधला माणूस दिसला की दाजींच्या अंगाचा तिळपापड होतो. भाजी ते शेतकऱ्याकडूनच घेतात, मग ती बाजारापेक्षा महाग का पडेना.

हा गडी २००३ साली कसबा बावड्यातल्या नव्या घराच्या मागच्या खोलीत ईमेलचा सर्व्हर मांडून बसला. जुना संगणक, त्यावर लिनक्स, शेजारी टेबलफॅन आणि घरगुती ब्रॉडबँडची तार. शिरोलीतल्या सात फाउंड्रीवाल्यांची, म्हणजे ओतकामाच्या कारखानदारांची, टपाल तिथून चालायची. ज्याला ज्याला गिऱ्हाईक परदेशी, त्याला स्वतःच्या कंपनीच्या नावाचा पत्ता हवा असायचा, आणि दाजी तो द्यायचे. माझं उद्यमनगरात संगणक दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे सुटे भाग माझे आणि मिजास त्यांची, अशी आमची भागीदारी होती.

"माझं पत्र माझ्या घरातनं निघतंय आणि थेट त्याच्या घरात जातंय," ते म्हणायचे. "मधी कुणाचा हात न्हाय. हात आला की काढता येतंय, घालता येतंय."

हा टोमणा बापूसो मगदूमांना असायचा. बापूसो आणि दाजी कारखान्यात एकाच खोलीत बसायचे, पुढे त्यांचं बिनसलं. बापूसोंनी पुण्याच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने सर्व्हर घेतला आणि रिलेचा धंदा काढला. ज्यांची टपाल थेट जात नाही त्यांनी ती बापूसोंच्या सर्व्हरकडे सोपवायची, तो ती पुढे ज्याची त्याला पोचवणार. या सोपवून घेणाऱ्या सर्व्हरला आमच्या धंद्यात स्मार्टहोस्ट म्हणतात. दाजी दलाल म्हणतात.

२००७ च्या जुलैत एका सोमवारी संध्याकाळपासून दाजींच्या सर्व्हरवरून एकही पत्र बाहेर जाईना. गंमत म्हणजे बाहेरून येणारी येत होती. दाजींनी त्यावरून निष्कर्ष काढला की आपलं सगळं ठीक आहे आणि जगाचं बिघडलंय. मंगळवारचा अख्खा दिवस त्यांनी तार बदलण्यात, सर्व्हर बंद-चालू करण्यात आणि माझ्यावर ओरडण्यात घालवला. मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचून बघितला. जर्मनी असो की जयसिंगपूर, समोरच्या प्रत्येक सर्व्हरच्या पंचवीस नंबरच्या पोर्टवर, म्हणजे पत्र आत घेणाऱ्या दारावर, वाट बघून बघून वेळ संपल्याची एकच ओळ. एकाच वेळी सगळ्या दुनियेने दार लावलं, हे मला काही पटेना.

"दाजी, आपलंच दार लागलंय," मी म्हटलं.

"तू स्क्रू पिळ."

बुधवारी सकाळी मी त्यांच्या घरून दुसऱ्या एका सर्व्हरच्या पंचवीस नंबरवर टेलनेट करून, म्हणजे हाताने दार ठोठावून, बघितलं. नुसती शांतता. मग दुकानात येऊन, दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवरून, त्याच सर्व्हरला तसंच केलं. तो लगेच बोलला. परत बावड्यात जाऊन मी ब्रॉडबँडवाल्या कंपनीला फोन लावून तो दाजींच्या हातात दिला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, की घरगुती जोडण्यांवरून व्हायरस लागलेले संगणक कचरा पत्रं पाठवतात, म्हणून कंपनीने बाहेर जाणारं पंचवीस नंबरचं पोर्ट बंद केलंय. उघडून हवं असेल तर व्यावसायिक जोडणी घ्या, पंधरा दिवस लागतील.

दाजींनी फोन खाली ठेवला. माणूस पडला तरी नाक वर असतं, पण त्या दिवशी नाकही जरा खाली आलं होतं.

तेवढ्यात प्राची चौगुले आली. वडिलांच्या पश्चात फाउंड्री एकटीने चालवणारी पोरगी. पंपाच्या बॉडीचे नमुने तिने जर्मनीला पाठवले होते, ते तिथे पोचले होते. आता त्यांच्या मापांचा तपासणी अहवाल गुरुवारी आपल्या घड्याळाने संध्याकाळी सहाच्या आत जायला हवा होता. शुक्रवारी तिथली समिती बसणार, अहवाल नसेल तर नमुने बाद. पहिलीच परदेशी ऑर्डर. अहवाल तिने सोमवारी संध्याकाळी धाडला होता आणि तो दाजींच्या सर्व्हरवर न गेलेल्या पत्रांच्या रांगेत अडकला होता.

"दुसऱ्या पत्त्यावरनं पाठव की," मी म्हटलं.

"पाठवला, शिवशरणदादा. परत आला. कंपनीच्या नावानं नोंदवलेल्या पत्त्यावरनंच घेत्यात ते." मग ती दाजींकडे वळली. "काका, उद्या सहाच्या आत जाईल न्हवं?"

मला दाजींचा राग आला होता, तो त्या क्षणी दुप्पट झाला, कारण ते म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे काय? उपाय एकच होता, बापूसोंचा सर्व्हर, आणि तो त्या खोलीत सगळ्यांना माहीत होता.

बोलली अक्का. आमचं माहेर राधानगरीकडचं, चार म्हशींचं घर. "अवो," ती पदराला हात पुसत म्हणाली, "आमच्या आप्पांनी कधी कॅन घिऊन मुंबई गाठलीय का? दूध संस्थेत घालायचं. संस्था फॅट बघती, आपल्या नावावर लिवती, टँकर जातोय. टँकरला नाक्यावर कोण अडवत न्हाय, एकट्याच्या कॅनला अडवत्यात. म्हणून दूध आप्पांचं न्हाय व्हय?"

"दूध येगळं, पत्र येगळं."

"पोरीची भाकरी तीच हाय."

दाजी उठून मागच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, रुसले.

गुरुवारी सकाळी मी बापूसोंना फोन केला. ते हसले, बराच वेळ हसले. "देतो की. लॉगिन देतो, त्याच्या सात गिऱ्हाइकांच्या आणि स्वताच्या, आठच डोमेनला, म्हंजे पत्त्यातल्या नावांना, परवानगी देतो, बाकी काय आलं तर परत. पण सोमूनं स्वता यायचं. आणि लॉगिनचं नाव मी ठरवणार."

हे दाजींना सांगायला गेलो, तर ते चपला घालूनच उभे होते. सर्व्हरकडे नजर टाकली तेव्हा कळलं, की गड्याने रात्रभरात आठही डोमेनच्या नोंदींत एक ओळ वाढवून ठेवली होती: आमची पत्रं मगदूमांच्या सर्व्हरवरून आली तरी ती खरीच समजावीत. ही ओळ जगभर पसरायला वेळ लागतो, म्हणून आधीच. म्हणजे मन कधीच वळलं होतं, फक्त तोंड वळत नव्हतं.

मी दाजींबरोबर गेलो. बापूसोंनी त्यांना अर्धा तास ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं. आत ते एकटेच होते, मला खिडकीतून दिसत होते, पेपर वाचत होते. मग बोलावलं, चहा पाजला, आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. त्यावर सर्व्हरचं नाव, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड. लॉगिनचं नाव होतं 'थेटवाले'.

दाजींनी चिठ्ठी खिशात घातली. "चहात साखर कमी हाय," एवढंच म्हणाले.

घरी येऊन त्यांनी आपल्या सर्व्हरला नवा हुकूम दिला: आता कुणाच्याच दारी जायचं नाही, सगळं बापूसोंच्या सर्व्हरकडे द्यायचं. चार वाजले होते. प्राची स्टूलावर बसून नखं खात होती. आम्ही लॉगकडे बघत बसलो. आणि पुन्हा तीच ओळ, वाट बघून बघून वेळ संपल्याची.

दाजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता. त्यांनी लगेच फोन उचलला. "बापू, तुझा सर्व्हर मेलाय. दलालाचंबी दार बंद."

पलीकडून शांत आवाज आला. "सोमू, कुठल्या नंबरवर गेलास?"

"पंचवीस. दुसरा कुठला?"

"आरं, पंचवीस तुझ्या घरातनंच बंद हाय. माझ्या दारात यायलाबी त्याच रस्त्यानं निघालास तर कसा पोचशील? पाचशे सत्त्याऐंशीवर ये. चिठ्ठीच्या मागं लिवलंय."

चिठ्ठी उलटली. होतं लिहिलेलं. चार वर्षं पंचवीस नंबर बोटांत बसलेला माणूस, मागची बाजू बघतो कशाला? अक्का दारात उभी राहून तोंडाला पदर लावत होती. प्राचीने घड्याळ बघितलं. पावणेपाच.

दाजींनी नंबर बदलला, लॉगिनचं नाव टाइप केलं, एकेक अक्षर दाबताना ओठ आवळत. जोडणी झाली, वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून तिला कुलूपबंद करणारी बोलणी झाली, लॉगिन मान्य झालं. मग दाजींनी सगळी रांग एकदम सोडली. तेवीस पत्रं होती. लॉगमध्ये 'पाठवलं, पाठवलं' अशा ओळी सरसर खाली उतरल्या. सहाला दहा मिनिटं कमी असताना जर्मनीहून प्राचीला पोच आली. ती रडली आणि अक्काने तिला जेवायला थांबवून घेतलं.

शुक्रवारी दुपारी नमुने पास झाल्याचं पत्र आलं. मी पेढे घेऊन बावड्यात गेलो, तर दाजी स्क्रीनपुढे दगडासारखे बसलेले.

रांगेतल्या तेवीस पत्रांत एक त्यांचं स्वतःचं होतं. मंगळवारी सकाळी, रागाच्या भरात, उद्यमनगरातल्या आम्हा चाळीस संगणकवाल्यांच्या यादीला लिहिलेलं. विषय: 'रिलेवाल्या दलालांपासून सावध'. त्यात बापूसो मगदूमांचं नाव घेऊन लिहिलं होतं, की हा माणूस मधे बसतो, लोकांची पत्रं चाळतो, आपल्याविरुद्ध काही असेल तर अडवतो. इतरांबरोबर तेही रांगेत अडकलं होतं आणि दाजींच्या ध्यानातून गेलं होतं. आणि दाजींनी रांग सोडली तेव्हा तेही सुटलं, बापूसोंच्याच सर्व्हरवरून, पत्रावर उमटणाऱ्या वाटेतल्या शिक्क्यांत 'थेटवाले' असं ठळक लिहून घेऊन, चाळीस जणांच्या घरी. मला हसू आवरेना. त्या चाळीसांत मीही होतो, पण पेढ्यांच्या गडबडीत मी टपाल उघडली नव्हती.

"हसू नको," दाजी म्हणाले. "खालचं वाच."

खाली बापूसोंचं उत्तर होतं, सगळ्या यादीला. तीनच ओळी.

'सोमशेखर घुगरे यांचं वरील पत्र काल पाच वाजून दोन मिनिटांनी माझ्या सर्व्हरवर आलं. विषय माझ्या लॉगमध्ये दिसला. पाच वाजून दोन मिनिटांनीच पुढे पाठवलं.'

दाजींनी चष्मा काढला. "अडवता आलं असतं त्याला," ते म्हणाले. "एक बटन दाबायचं. कुणाला कळलंबी नसतं."

मला त्या क्षणी त्यांची कीव आली आणि बापूसोंचा हेवा वाटला. अक्काने बशीतला एक पेढा कागदात बांधला आणि दाजींच्या हातात दिला. कुणाकडे न्यायचा ते तिने सांगितलं नाही. दाजींनी चपला घातल्या.