पंच्याहत्तर दिवसांची बाटली

एकोणीस एप्रिल, शनिवार, सकाळी साडेदहा. रक्कम तीनशे पंच्याऐंशी रुपये. हजर मी, क्रांती चौकाजवळच्या आमच्या औषध दुकानातल्या फार्मासिस्ट ताई, आणि काउंटरवर अडीच मिलीची एक छोटी बाटली. ती परत देऊन पैसे घ्यायला मी गेलो होतो.

माझ्या डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. रोज रात्री त्या डोळ्यात एक थेंब टाकायचा, नाहीतर डोळ्यातला दाब वाढतो. दाबामुळे गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या डोळ्याची एका बाजूची नजर आधीच थोडी गेलेली आहे. मी एकही रात्र चुकवली नव्हती. तरी चार दिवसांपासून डोळा लाल होता, आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या.

"औषध खराब निघालं," मी म्हणालो. "तारीख बघा. पुढच्या वर्षीच्या जूनची आहे. अजून चौदा महिने आहेत."

ताई सिल्लोडकडच्या. त्यांच्या घरी अजून मेंढ्या आहेत, असं एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, मग माझ्या डोळ्याकडं पाहिलं.

"तारीख बरोबर हाय काका. फोडली कवा?"

मी खिशातली डायरी काढली. घरात काय कधी सुरू झालं ते मी लिहून ठेवतो, गॅसची टाकीसुद्धा. "तीन फेब्रुवारी."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत मोजलं. "पंच्याहत्तर दिवस! लई जपून वापरली."

"एका डोळ्याला रोज एक थेंब. बाटलीत ऐंशीच्या आसपास निघतात. अजून चार-पाच असतील. आणि फ्रीजच्या दारात ठेवतो, बाहेर नाही."

"ठेवण्यात चूक नाय. पण खोकं कुठं हाय?"

खोकं मी त्याच दिवशी रद्दीत टाकलं होतं. ताईंनी फ्रीजमधून तसंच दुसरं काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, उघडल्यानंतर चार आठवड्यांनी टाकून द्यावे.

"मग ती जूनची तारीख कशाला छापली?"

"ती बंद बाटलीची. झाकण फिरवलं की ती संपली, तिथून अठ्ठावीस दिवस धरायचे. थेंब टाकताना बाटलीचं टोक पापणीला लागतं का?"

"कधी कधी."

"मग जंतू आत जाणारच. आत जंतू रोखायचं औषध मिसळलेलं असतं, ते त्यांना काही दिवस दाबून धरतं, जन्मभर नाय. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं तुमच्याकडं?"

"नळ अजून आमच्या वसाहतीत पोचला नाही. आठव्या दिवशी टँकर."

"आठव्या दिवशी पिंपाच्या तळाचं पाणी तसंच पिता?"

"छे. उकळून, गाळून."

"पोटाला आठ दिवसांचं चालत नाय, अन् डोळ्याला पंच्याहत्तर दिवसांचं चालतं व्हय?"

मागं उभे असलेले एक गृहस्थ हसले. मला राग आला, पण डायरी माझीच होती. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी धुण्याचं पाणी झाडांना आणि भाजीचं पाणी फरशीला जायचं. तोच हिशेब मी बाटलीला लावला होता. बाटलीत थेंब शिल्लक असताना ती टाकायची, हे मनात येण्यासारखंच नव्हतं.

"म्हणजे डोळा यानंच बिघडला?"

"ते मी सांगू शकत नाय. डॉक्टरच सांगतील. आजच जा, उद्यावर नको. ही बाटली संगं न्या, पण आता हिच्यातलं टाकू नका. अन् मनानं औषध बंद करून बसू नका, दाब वाढंल. आज रात्री काय टाकायचं ते विचारूनच घरी जा."

पैसे परत मिळाले नाहीत. मी पुन्हा मागितलेही नाहीत.

डॉक्टरांनी जंतुसंसर्ग सांगितला, पण बुबुळापर्यंत पोचला नव्हता. दाब मोजला, तो हद्दीत होता. जुनी बाटली त्यांनी स्वतः टाकून दिली. जंतूंसाठी वेगळे थेंब, आणि रात्री नव्या बाटलीतला नेहमीचा थेंब, दोन्हींत दहा मिनिटांचं अंतर. पाच दिवसांनी डोळा निवळला.

त्याच शनिवारी, डॉक्टरांकडून निघून, साडेबाराला मी परत दुकानात होतो. ताईंनी नव्या बाटलीवर एक पांढरी पट्टी चिकटवली आणि पेन पुढं केलं. मी तिथंच एकोणीस एप्रिल लिहायला लागलो.

"आत्ता नको. रात्री फोडाल तवा लिहा. टँकरच्या गडबडीत आज फोडायची राहिली, तर तारीख चुकंल."

रात्री फोडली आणि लिहिली. खाली टाकायची तारीखही लिहिली, सतरा मे. वर्षाला साडेचार बाटल्या लागत होत्या, आता तेरा लागतात. सतरा मेला बाटलीत पन्नासेक थेंब उरले होते. ती टाकताना हात थोडा थांबला, पण टाकली.

त्या शनिवारी दिले ते असे. डॉक्टरांना पाचशे. ताईंना जंतूंच्या थेंबांचे एकशे अठरा आणि नव्या बाटलीचे तीनशे पंच्याऐंशी, मिळून पाचशे तीन, रोख.