प्रत्येक कामात एक आठवडा

निवृत्तीनंतरही मी नाशिकच्या एका कॉलेजात आठवड्याला दोन तास प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवते. परीक्षा मात्र आमचे विभागप्रमुख सर घेतात. कॉपी होऊ नये म्हणून त्यांनी यंदा दोन पेपर काढले. गणित तेच, फक्त कामांचे कालावधी वेगळे. या युक्तीचा त्यांना इतका अभिमान की चहाच्या वेळी शिपायालाही ती सांगून झाली होती.

गणित द्राक्षांचं पॅकहाउस, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरायची शेड, उभारण्याचं होतं. एका बाजूला विजेची मंजुरी आठ आठवडे आणि त्यानंतर ट्रान्सफॉर्मर नऊ. दुसऱ्या बाजूला एकापाठोपाठ पाया चार, भिंती तीन, छप्पर पाच, फरशी चार. दोन्ही बाजूंची कामं एकाच वेळी चालतात, आणि दोन्ही पुरी झाली की पॅकहाउस सुरू. विजेची वाट सतरा आठवड्यांची, बांधकामाची सोळा. लांब वाट ती क्रिटिकल पाथ, म्हणजे उत्तर सतरा.

दुसऱ्या पेपरात सरांनी प्रत्येक कामात एक आठवडा वाढवला आणि उत्तर लिहून ठेवलं : विजेची वाट, एकोणीस.

निकालानंतर देवळ्याची एक विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आली. या दहा गुणांच्या गणितात तिला शून्य होतं आणि ती चार गुणांनी नापास होती. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये तिची नोकरी ठरली होती. तिथले लोक गुणपत्रिकेसाठी थांबले होते.

"लय वेळा केलं मॅडम. वीसच येतंय."

मी बेरीज केली. पाच, चार, सहा, पाच. वीसच!

तिला घेऊन मी सरांच्या खोलीत गेले.

"मॅडम, सगळीकडे सारखंच वाढवलंय. मार्ग कसा बदलेल?"

"विजेच्या वाटेवर कामं किती?"

"दोन."

"आणि बांधकामाच्या?"

"चार."

"मग तिकडे दोन आठवडे वाढले आणि इकडे चार. सर, बोटांवर मोजा, माझी हरकत नाही."

त्यांनी खरोखरच टेबलाखाली बोटं मोजली. मग म्हणाले, "पण निकाल लागलाय. आता बदलायचा म्हणजे शोभतं का?"

"नापास कोणाला करायचं ते ठरवा. हिला, की उत्तरसूचीला?"

मुलगी जमिनीकडे बघत हसू दाबत होती. दुसरा पेपर लिहिलेल्या सगळ्यांची गणितं त्याच दुपारी पुन्हा तपासली गेली. तिला दहापैकी दहा मिळाले. ज्यांनी एकोणीस लिहिलं होतं त्यांचे गुण मात्र सरांनी कापले नाहीत. सूचीशी निष्ठा राखल्याबद्दल असावं.

मी निघताना ते गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या वेळी वाढवत नाही मॅडम. प्रत्येकातून एक वजा करतो."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. पंधरा आणि बारा. विजेचीच वाट. म्हणजे या गणितात त्यांची उत्तरसूची बरोबर येईल, आणि का बरोबर आली हे त्यांना जन्मात कळणार नाही.