पिवळी आणि सावळी

शहाद्यात बसून मी ते ॲप बनवलं, तेव्हा स्वतःवर भलताच खूश होतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर गरोदर बायकांच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या घरात पावरी बोलणाऱ्या. मराठीत अहवाल टाइप करणं त्यांना जिवावर यायचं. म्हणून मी सोपी युक्ती काढली: दिवसभरात जितक्या गरोदर बायकांना भेटलात, तितके गरोदर बाईचे इमोजी पाठवा, मोजणी ॲप करेल.

माझ्या फोनवर एक इमोजी टाकून जावास्क्रिप्टला, म्हणजे ॲपच्या संगणकभाषेला, त्याची लांबी विचारली, तर दोन आली. का, हे शोधायचा कंटाळा केला. आलेल्या आकड्याला दोनाने भागलं आणि काम उरकलं.

महिन्याभराने तळोद्याला बैठक झाली. माझ्या कागदावर एका कार्यकर्तीच्या नावापुढे रोज दुप्पट भेटी. तिच्या पाड्यावर गरोदर बायका सहा, आणि हिच्या भेटी बारा. पर्यवेक्षिका अहिराणीत मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, पोर खोटी नही शे. एकदा देखी ले."

मी ऐकलं नाही. सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि विचारलं, "बाकीच्या सहा बायका आणल्या कुठून?"

"सर, सहाच पाठवल्या. हे बघा," म्हणत तिने फोन पुढे केला. मी तो हातातही घेतला नाही. "ॲप खोटं बोलत नाही," असं म्हणालो. ती खाली बसली. पर्यवेक्षिकांनी तिचं काम चौकशीपर्यंत थांबवलं, ते माझ्याच कागदावरून.

घरी येऊन तिचे मूळ संदेश उघडले. सहाच बायका होत्या, पण सावळ्या. आमच्या सगळ्यांच्या पिवळ्या, कारण फोन आधी तीच देतो. तिने मात्र बोट दाबून धरून आपल्या पाड्यातल्या बायकांचा रंग निवडला होता. जावास्क्रिप्टची लांबी पडद्यावरची चित्रं मोजतच नाही, आतले सोळा-सोळा बिटांचे तुकडे मोजते. बाईचे दोन तुकडे, तिच्यामागे चिकटलेल्या रंगाचे आणखी दोन. दिसायला बाई एक, लांबी चार, आणि माझ्या भागाकाराने दोन.

दिसणारं प्रत्येक अक्षर वा चित्र सुटं करून मोजणारं साधन जावास्क्रिप्टमध्येच तयार होतं. ते लावायला दहा मिनिटं लागली. तिचं काम परत सुरू झालं. पुढच्या बैठकीत मी उभा राहून म्हणालो, "तांत्रिक अडचण होती, ती दूर केली आहे." माझी चूक होती, हे तीन शब्द तोंडातून निघाले नाहीत. याची लाज मला त्या भागाकारापेक्षा जास्त वाटते.

बैठक संपल्यावर धीर करून तिच्याजवळ गेलो. म्हटलं, आता कुठल्याही रंगाची टाक, बरोबर मोजली जाईल.

"नको सर," ती म्हणाली, "आता मी पिवळीच टाकते."