दीपमालाचा तिमाही माफीनामा

आमच्या संस्थेत दर तीन महिन्यांनी आत्मपरीक्षण असतं. आदिनाथ सरांना त्याचं भारी कौतुक. सर म्हणजे प्रकल्प समन्वयक. जीप त्यांची आणि चुका आमच्या, अशी साधी वाटणी आहे.

शिरूर अनंतपाळच्या ऑफिसात गावोगावच्या पशुसख्या, म्हणजे गावातल्या जनावरांचं औषधपाणी बघणाऱ्या बाया, सतरंजीवर बसून प्रश्नावली भरतात. नोटीस आली की खुलासा लिहायचा, हे आपल्याकडे शाळेपासून अंगात मुरलेलं. त्यामुळे घडलेलं काहीही असो, उत्तर एकच: ‘सदर चूक माझ्या हातून घडली. यापुढे असे होणार नाही. क्षमस्व.’ एकीने तर अतिवृष्टीबद्दल माफी मागितली होती. सरांनी त्यावर ‘प्रामाणिक’ असा शेरा मारला!

हे सगळे कागद टाइप करायचं काम माझं. दीपमालाचा कागद हातात आला आणि माझं डोकंच सणकलं. ‘मी निष्काळजी आहे. माझ्यामुळे साखराबाईच्या शेळ्या मेल्या. मी या कामाच्या लायकीची नाही.’ खाली राजीनामा जोडलेला. सरांना तो कागद इतका आवडला की बैठकीत वाचून दाखवायचं त्यांनी ठरवलं.

दीपमाला शेळ्यांना लस टोचते. नवरा वारल्यावर तिने हेच काम शिकून घर उभं केलं. शेळी आजारी पडली की लोक अर्ध्या रात्री तिचं दार वाजवतात, आणि ही बाई ‘लायकीची नाही’ म्हणे! मी तिला आत बोलावलं.

“काय लिहून राहिलीस गं हे?”

“खरंच हाय ना ताई. लस मीच टोचली होती.”

मी कपाटातून मूळ प्रश्नावली काढली. नांदेडहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी ती करून दिली होती. ‘तेव्हा मला काय माहीत होतं?’, ‘माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं?’ आणि ‘हेच मैत्रिणीच्या बाबतीत घडलं असतं तर तिला काय म्हणाले असते?’ हे तीन प्रश्न सरांनी गाळले होते. अशा प्रश्नांनी बहाण्यांची सोय होते, असं त्यांचं मत. उरला एकच: ‘माझं काय चुकलं?’

“आधी फक्त घडलं ते लिही,” मी म्हटलं. “फोटोत दिसेल तेवढंच. निष्काळजीपणा फोटोत दिसत न्हाई, तो खोड.”

तिने तो शब्द खोडला. मग लिहिलं: लसीची पेटी सकाळीच भरली. जीप दुपारी आली. गावात पेटी उघडली तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. बाया शेळ्या बांधून खोळंबल्या होत्या. मी लस टोचली. पुढे रोग आला.

‘हातात नव्हतं’ याखाली तिने ‘जीप’ लिहिलं आणि घाबरून माझ्याकडे पाहिलं. जीप त्या दिवशी लातूरला पाहुण्यांसाठी शाली आणायला गेली होती, हे ऑफिसातल्या मांजरालाही माहीत होतं.

“आता हातात होतं ते लिही. मी तुला सोडणार न्हाई.”

ती रडली. पण तिने लिहिलं: ‘पाणी दिसलं होतं. लस गरम झाली की उपयोग नसतो, हे शिकवलं होतं. बाया चिडतील म्हणून थांबले नाही. पुढच्या वेळी पेटीत बर्फ नसेल तर टोचणार नाही.’ मैत्रिणीच्या प्रश्नाला तिने एवढंच लिहिलं: ‘तिला म्हटलं असतं, राजीनामा देऊ नको.’ मग राजीनामा स्वतःच फाडला.

बैठकीत सरांनी जुना कागद मागितला, तिने नवा वाचला. जीपचं नाव आलं तसे सर घसा खाकरायला लागले. संस्थेच्या अध्यक्ष बाई नेमक्या हजर होत्या. त्यांनी सरांपुढेही एक कोरी प्रश्नावली सरकवली. आम्हाला प्रामाणिकपणा शिकवणाऱ्या या माणसाने लिहिलं: ‘सदर बाब नजरचुकीने घडली. यापुढे असे होणार नाही. क्षमस्व.’ लातूरचा, शालींचा उल्लेखसुद्धा नाही. शेरा मारायला माझे हात शिवशिवत होते.

पुढच्या लसीकरण शिबिराला जीप पुन्हा उशिरा आली. माफी मागितलेला माणूस सुधारतो, असं कुणी सांगितलं? गावात दीपमालाने पेटी उघडली, आत हात घातला आणि झाकण लावलं.

“आज लस न्हाई. बर्फ वितळला.”

“सकाळपासून बसून राहिलो की आम्ही! डोकं फिरलं का तुझं?” बाया तुटून पडल्या. सगळ्यात मोठा आवाज साखराबाईचा.

दीपमाला साखराबाईपुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “मावशी, मागच्या बारीला असंच पाणी झालं होतं. तरी मी टोचली. तुमच्या शेळ्या त्याच्यामुळंच वाचल्या न्हाईत.”

साखराबाई उठली. उरलेल्या शेळीच्या दाव्याची गाठ सोडत म्हणाली, “मग बर्फ घेऊनच ये.”

त्या तिमाहीचा दीपमालाचा कागद मीच टाइप केला. त्यात क्षमस्व कुठेच नव्हतं.